उत्तर: कट-ऑफ गोदामाच्या घड्याळानेच मोजा

> "दुपारी 2 च्या आत ऑर्डर आली तर त्याच दिवशी रवाना, हा नियम लावलाय. तरी परदेशी ग्राहकांना तारीख चुकीची का दिसते?"

बहुधा 2 वाजले की नाही हे ग्राहकाच्या ब्राउझरच्या वेळेवरून ठरतंय. समजा गोदाम पुण्यात आहे, शनिवार-रविवार बंद, आणि वाहतुकीला 5 ते 7 कामाचे दिवस लागतात. न्यू जर्सीतून गुरुवारी, 30 एप्रिल 2026 ला सकाळी 11 ला ऑर्डर आली, तर पुण्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. कट-ऑफ हुकला, शुक्रवारी महाराष्ट्र दिन, म्हणजे पार्सल सोमवारी 4 मे ला निघणार आणि 11 ते 13 मे दरम्यान पोचणार. तुमचं चेकआउट मात्र 7 ते 11 मे दाखवेल.

हिशोब सर्व्हरवर `Asia/Kolkata` मध्ये करा. साडेनऊ तासांचा फरक कोडमध्ये पक्का लिहू नका, हिवाळ्यात तो साडेदहा होतो. सुट्ट्यांची कॅलेंडरंही दोन हवीत: रवानगीला इथली, वाटपाला तिथली. ग्राहकाला "2 वाजेपर्यंत" असं न सांगता "अजून 3 तास 10 मिनिटं" असं दाखवा, आणि पैसे भरण्याच्या क्षणी तारीख पुन्हा काढा, कारण कार्ट तासन्‌तास उघडी राहते.