50 हजाराचं खातं: दर आठवड्याला ट्रेड की वर्षभर होल्ड? चार्जेस आणि टॅक्स धरून बोला

मिहानकर: मी नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला, पगार वर्षाचा साडेसहा लाख, नवीन टॅक्स रेजीम. खात्यात 50 हजार आहेत, दहा-दहा हजाराचे पाच भाग करून शेअर घेतो, आठ-दहा दिवसांत दोन-तीन टक्के मिळाले की विकतो. महिन्याला साधारण आठ सौदे होतात. रूममेट म्हणतो इंडेक्स फंड घे आणि वर्षभर पाहू नको. दलाली, टॅक्स सगळं धरून खरंच कोणतं परवडते?

इतवारीवाला: भाऊ, आमचा किराण्याचा धंदा आहे तीन पिढ्यांचा, माल फिरला पायजे हे आम्हाले लहानपणापासून शिकवलं. दोन टक्क्यावर माल काढायचा पण महिन्यातून चार वेळा काढायचा, तेव्हा घर चालते. वर्षभर पोतं गोडाऊनमध्ये ठेवलं तर त्याले सोंडे लागतात. आणि होल्ड होल्ड करणाऱ्यांनी सांगा न, सप्टेंबर 2024 मध्ये निफ्टी 26 हजाराच्या वर असताना ज्यानं घेतलं त्याचं वर्षानंतर काय झालं? वर्ष गेलं तरी खालीच होता. मी त्या काळात छोटे छोटे सौदे करून पैसे काढले. दलाली तर आजकाल झिरो आहे, मंग कायचा खर्च?

धरमपेठची_ताई: काका, कळमन्यात माल घेताना हमाली, अडत, गाडीभाडं धरूनच तुम्ही भाव लावता ना? मग इथे का नाही धरत? दलाली झिरो म्हणजे खर्च झिरो नाही. मी सीएच्या ऑफिसात बसते, रोज हेच पाहून राहिली आहे, म्हणून एका सौद्याचं सांगते.

दहा हजाराचा शेअर डिलिव्हरीत, म्हणजे डीमॅटमध्ये ठेवायला घेतला न आठ दिवसांनी विकला. एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी टॅक्स, घेताना 10 रुपये, विकताना 10 रुपये. स्टॅम्प ड्युटी दीड रुपया, एक्सचेंजचा चार्ज जीएसटी धरून रुपयाच्या आत. आणि विकल्याच्या दिवशी डीमॅटमधून शेअर काढायचा डीपी चार्ज, जो काही ठिकाणी पंधरा-सोळा रुपयांच्या आसपास पडतो. झाले 38. हा डीपी चार्ज टक्क्यांत नसतो, ठोक असतो, तुम्ही दहा हजाराचा माल विका की लाखाचा, तेवढाच लागतो, म्हणून लहान खात्याला तोच जास्त बोचतो. लाखाच्या सौद्यात तो दोन पैसे शेकडाही नाही, दहा हजारात सोळा पैसे शेकडा. आणि एकच शेअर आज अर्धा, उद्या अर्धा विकला तर दोनदा लागला.

आता मिहानकरचे महिन्याला आठ म्हणजे वर्षाला 96 सौदे, गुणिले 38, झाले 3,650 रुपये. 50 हजारावर सात टक्क्यांच्या वर. ब्रोकर डिलिव्हरीवर ऑर्डरमागे 20 रुपये घेत असेल तर सौद्याला 47 रुपये आणखी, मग वर्षाचे आठ हजाराच्या वर जातात, म्हणजे सोळा टक्के. एवढं कमावल्यावर तुम्ही शून्यावर येता.

तर्री_पोहे: म्हणूनच मी म्हणतो डिलिव्हरी करूच नका लहान खात्यात, इंट्राडे करा, त्याच दिवशी घ्या न त्याच दिवशी विका. एसटीटी फक्त विकताना, तेही 0.025 टक्के, डीपी चार्जचा संबंधच नाही कारण शेअर डीमॅटमध्ये येतच नाही. दहा हजाराच्या सौद्याला सगळं मिळून दहा-अकरा रुपये. 38 कुठे न 11 कुठे!!

धरमपेठची_ताई: एका सौद्याचा हिशोब तुमचा बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण इंट्राडेवाला दहा हजाराचा सौदा करून थांबतो का? ब्रोकर पाचपट माल देतो, म्हणून 50 हजारावर अडीच लाखाचा सौदा होतो. अडीच लाख घेतले न विकले तर दोन्ही ऑर्डरचे 40 रुपये, एसटीटी 62, बाकी एक्सचेंज, स्टॅम्प, जीएसटी धरून एकूण 135 च्या आसपास. दिवसाला एकच सौदा धरला न वर्षाचे 240 दिवस धरले तर 32 हजार रुपये जातात. खातं किती आहे? 50 हजार! म्हणजे नफा-तोटा राहू द्या बाजूला, भांडवलाच्या पासष्ट टक्के नुसता खर्चच. सेबीनं 2024 मध्ये काढलेल्या अभ्यासात 2022-23 साली कॅश मार्केटात इंट्राडे करणाऱ्या दहातल्या सात जणांना तोटा होता, त्यात नवल काय.

तर्री_पोहे: पाचपट घ्यायची सक्ती नाही ना कोणाची. मी घेत नाही.

धरमपेठची_ताई: नाही घेत तर चांगलंच आहे. पण मग दहा हजारावर दिवसात अर्धा टक्का मिळाला म्हणजे 50 रुपये, त्यातले 11 गेले. पाचवा हिस्सा. चार वेळा बरोबर आलात न एकदा चुकलात की मोजून पहा.

सदरचा_पक्या: ताई मला एक सांगा माझं वेगळंच आहे. मागच्या वर्षी इंट्राडेत 14 हजार घालवले आणि डिलिव्हरीत 20 हजार कमावले, मला वाटलं सहा हजारावरच टॅक्स लागेल, तर रिटर्न भरणारा म्हणतो पूर्ण 20 हजारावर लागेल. असं कसं? पैसा एकाच खात्यातला, ॲप एकच, तोटा झाला तो काय खोटा होता काय बाप्पा?

धरमपेठची_ताई: पक्या, तो बरोबर सांगून राहिला. इंट्राडेचा तोटा सट्ट्याच्या धंद्याचा तोटा धरतात, तो सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो, डिलिव्हरीच्या नफ्यातून नाही. वेळेत रिटर्न भरलं असेल तर चार वर्षं पुढे नेता येतो. हाच तोटा डिलिव्हरीत झाला असता तर वजाही झाला असता आणि आठ वर्षं पुढे नेता आला असता. आणि इंट्राडे आहे म्हणजे साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागते, त्याची फी वेगळी. 50 हजाराच्या खात्यात ती फीसुद्धा खर्चातच धरा, कोणी धरत नाही.

महालची_सुनबाई: इथे सगळे शेअरचंच बोलून राहिले, मी म्हणते सोनं घ्या. मी 2019 ला घेतलं होतं, काही चार्ज नाही काही नाही.

इतवारीवाला: सोन्यावर घडणावळ न जीएसटी तुमच्या सासऱ्यानं भरला असेल सुनबाई 😄 विषय काय चालू आहे पहा जरा.
ताई, मान्य, खर्च आहे. पण हुशार माणूस वर्षाला 20 टक्के काढतो, सात गेले तरी तेरा राहिले, फंडवाल्यापेक्षा जास्तच झाले ना.

धरमपेठची_ताई: तेरा राहत नाहीत, टॅक्स राहिला अजून. वर्षाच्या आत विकलं की नफ्यावर 20 टक्के, 23 जुलै 2024 पासून, त्याआधी 15 होता. वर सेस. मिहानकरला वाटत असेल की नवीन रेजीममध्ये 2025-26 पासून बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग मला कुठला? पगारावर नाही हे खरं, पण ही सूट शेअरच्या शॉर्ट टर्म नफ्याला लागत नाही. पगारावर शून्य टॅक्स असूनही या नफ्यावर पहिल्या रुपयापासून 20 टक्के. दरवर्षी चार-पाच पोरं हे ऐकून माझ्या टेबलापुढे उभी राहतात. आणि एसटीटी नफ्यातून वजा मिळत नाही, म्हणजे जो पैसा तुमच्या हातात आलाच नाही त्यावरही टॅक्स.

उलट वर्षाच्या वर ठेवलं तर सवा लाखाच्या नफ्यापर्यंत काहीच टॅक्स नाही. 50 हजाराच्या खात्याला सवा लाख नफा होणारच नाही, म्हणजे टॅक्स शून्यच. 50 हजार वर्षभर ठेवले, 12 टक्के वाढले, 6,000 झाले, घेण्या-विकण्याचा खर्च पाचही शेअरचा मिळून 200, हातात 5,800. आता 96 सौदे करून हेच 5,800 हातात पाडायचे तर आधी किती कमवावे लागतात? खर्च 3,650, टॅक्स धरून उलटा हिशोब केला तर साडेअकरा हजार येतात. तेवीस टक्के. त्याच्या बारा टक्क्याला गाठायला तुम्हाला तेवीस पाहिजेत. बाजार पडला त्या वर्षी होल्डवालाही बुडाला असेल, पण तेव्हा तुमचा खर्च काही माफ होत नाही.

रामदासपेठ_रिटायर्ड: एक गोष्ट कोणी बोललं नाही. मी तीस वर्षं बँकेत काढली, शेअरही जुन्या काळापासून. कागदावर न दिसणारा खर्च सगळ्यात मोठा असतो. लहान कंपनीचा शेअर, घेणारा 84.80 देतो, विकणारा 85.20 मागतो. तुम्ही मार्केट ऑर्डर टाकून 85.20 ला घेतला आणि भाव जागचा हललाच नाही तरी विकायला गेलात तर 84.80 मिळतील. दहा हजारावर 47 रुपये गेले, ताईंच्या 38 पेक्षा जास्त! हे कॉन्ट्रॅक्ट नोटवर कुठेच येत नाही. मोठ्या कंपन्यांत हा फरक पाच-दहा पैशांचा असतो, म्हणून तिथे लिमिट ऑर्डर लावली तर चालून जाते.

तर्री_पोहे: पण काका, ताई, एक पेच सांगा. इंट्राडेचा नफा धंद्याचा धरतात, म्हणजे स्लॅबनं लागतो, बरोबर? मग मिहानकरचे पगार धरून बारा लाखांच्या आतच आहे, तर त्याला इंट्राडेच्या नफ्यावर टॅक्स शून्य, आणि डिलिव्हरीच्या नफ्यावर 20 टक्के? मग मीच बरोबर निघालो की!

धरमपेठची_ताई: टॅक्सच्या बाबतीत हो, यात तुम्ही बरोबर आहात, मी नाकारत नाही. इंट्राडेच्या नफ्याला ती सूट लागते. पण आधी नफा पाहिजे, न वर 135 रुपये रोजचे आहेतच.

इतवारीवाला: मंग 96 डिलिव्हरी सौदे करणाऱ्यानं सगळंच धंदा म्हणून दाखवलं तर? दुकानच चालवते ना तो एक प्रकारे.

धरमपेठची_ताई: काही जण दाखवतात. सौद्यांची संख्या, किती दिवस ठेवलं, उधारीच्या पैशातून केलं का, यावर ठरते, आणि एका वर्षी धंदा न दुसऱ्या वर्षी गुंतवणूक असं सोयीनं फिरवलं तर नोटीस येऊ शकते. आमच्या ऑफिसातच दोन सीएंचं यावर जमत नाही, मी काय सांगू.

मिहानकर: सगळ्यांचं वाचलं आणि रात्री बसून सहा महिन्यांचं लेजर काढलं. ॲपवर नफा 4,120 दाखवून राहिलं होतं, हिरव्या अक्षरांत, खूश होतो. पण तो आकडा चार्जेस न धरता आहे हे आज कळलं. 43 वेळा विकलं, एकूण चार्ज 1,650, त्यात डीपीचेच 690. ताईंच्या पद्धतीनं टॅक्स काढला तर 690 च्या आसपास. राहिले सतराशे ऐंशी. सहा महिने दुपारी जेवताना मोबाईल पाहत बसलो त्याचे.

इतवारीवाला: नफा तर नफाच आहे न बे. सौदे अर्धे कर, भाग पाचाचे दोन कर, डीपी चार्ज आपोआप कमी होते. बंद कायले करतो?

रामदासपेठ_रिटायर्ड: दोन भाग केले तर खर्च कमी होईल हे खरं, पण एक शेअर आपटला की अर्धं खातं आपटेल.

मिहानकर: 35 हजार इंडेक्सला टाकतो, 15 हजारावर एकच सौदा, महिन्यात दोनदा. मार्चमध्ये लेजर परत इथेच टाकतो.