फरक पडतो तो आठ बाइटांचा

> "नेटवर्कमध्ये थर कशाला हवेत? प्रत्येक थर पुढे आपलं हेडर चिकटवतो एवढंच ना? त्यानं डेटाला काय फरक पडतो?"

वरून आलेलं पाकीट खालचा थर उघडत नाही, त्याला आपलं वेष्टन घालतो. त्यामुळे खाली वायफाय असो की फायबर, टीसीपीला काही बदलावं लागत नाही. थर हवेत ते यासाठीच. पण वेष्टन जागा खातं, आणि तिथे फरक पडतो.

खानापूरला मावशीकडे नवीन ब्रॉडबँड घेतलं. पिंग चालायचा, पण काही साइट नुसत्या फिरत राहायच्या. इथरनेट फ्रेमच्या पोटात 1500 बाइट मावतात. त्यातले 20 आयपीच्या हेडरला, 20 टीसीपीच्या, डेटाला उरतात 1460. हे कनेक्शन पीपीपीओई होतं, म्हणजे मध्ये आणखी एक वेष्टन, 8 बाइटांचं. आता आयपी पॅकेट 1492 च्या आतच हवं. विंडोजवर पाहिलं; `-f` म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नको, `-l` म्हणजे डेटा किती बाइट:

```
ping -f -l 1472 8.8.8.8
ping -f -l 1464 8.8.8.8
```

(28 बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे वेगळे.) पहिल्याला `Packet needs to be fragmented but DF set.` आलं, दुसरा गेला.

साइटकडून येणारी मोठी पॅकेटं वाटेत टाकली जात होती. "लहान पाठव" हा आयसीएमपी निरोप एखादा फायरवॉल अडवत असला, तर सर्व्हरला काही कळतच नाही. राउटरमध्ये एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या टीसीपी डेटाची कमाल मर्यादा, 1492 मधून हेडरचे 40 वजा करून 1452 केला, पानं लगेच उघडली. तुमच्याकडेही पीपीपीओई असेल तर आधी हेच तपासा.