परदेशातल्या मुलांचे शनिवार-रविवारचे मराठी वर्ग : वेळ आणि गट कसे ठरवायचे? अनुभव लिहा

पालक गट, सातारा-सांगली
परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी, नातवंडांसाठी, भाचरांसाठी ऑनलाइन मराठी वर्ग सुरू करतो आहोत. वय ६ ते ११, एका गटात जास्तीत जास्त ७ मुलं, तास ४० मिनिटांचा. शिकवणाऱ्या शिक्षिका सातारा, कराड आणि सांगलीच्या. त्यांना शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे शनिवार सकाळ जमणार नाही.
सध्याचा बेत असा : पहिला गट शनिवारी संध्याकाळी ६:३० ला, दुसरा रविवारी सकाळी ७:३० ला. दोन्ही वेळा भारताच्या. असे वर्ग ज्यांनी चालवलेत त्यांनी वेळ आणि गटवारीबद्दल नेमकं लिहावं.

कृष्णाकाठ
वेळा चांगल्या निवडल्यात. शनिवारी ६:३० म्हणजे दुबईत ५, दोह्यात ४, डब्लिनला हिवाळ्यात दुपारचा १ आणि न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे ८. सिडनीचं मूल मात्र या गटात घेऊ नका, तिथे रात्रीचे ११ किंवा १२ वाजलेले असतात.
रविवारची सकाळ पाहा. भारतात ७:३० तेव्हा सिंगापूरला १०, सिडनीत दुपारचे १२ किंवा १ आणि कॅलिफोर्नियात शनिवारचे संध्याकाळचे ६ किंवा ७. कॅलिफोर्निया आणि सिडनी एका वर्गात बसू शकतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फक्त कॅलिफोर्नियाच्या पालकांना निरोप देताना 'तुमचा शनिवार' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'रविवार' लिहिलं की पहिल्या तासाला ते एक दिवस उशिरा येतात.

तासगाव
नमस्कार. वर्ग सांगलीत विश्रामबागेत भरणार का? आमची नात जुलैत डब्लिनहून येते, तेव्हा तिला आणून सोडता येईल.

पालक गट, सातारा-सांगली
काका, वर्ग ऑनलाइन आहे. ती इथे असताना तीच लिंक वापरायची, वेळ आपल्या घड्याळाची संध्याकाळी ६:३०.

लंडन-सातारा
सगळ्या निरोपात वेळ जीएमटीत लिहा. ते घड्याळ हलत नाही, त्यामुळे कुणाचाच घोळ होत नाही.

कृष्णाकाठ
जीएमटी हलत नाही हे बरोबर, पण लंडनचं घड्याळ हलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन जीएमटीच्या एक तास पुढे असतं. 'दुपारी १ जीएमटी' वाचून तिथले पालक उन्हाळ्यातही आपल्या घड्याळाच्या १ वाजताच मुलाला बसवतात आणि वर्ग त्यांच्या २ ला असतो. भारताची वेळ लिहा. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं आणि शिकवणाऱ्या बाई त्याच घड्याळावर चालतात.
खरी अडचण मार्चात येते, कारण सगळे देश एकाच दिवशी घड्याळ बदलत नाहीत. २०२६ धरून सांगतो. अमेरिकेत ८ मार्चला घड्याळ पुढे जातं, युरोपात २९ मार्चला. म्हणून ७ मार्चच्या शनिवारी न्यू जर्सीत वर्ग ८ ला आणि डब्लिनमध्ये १ ला. १४ मार्चला न्यू जर्सीत ९, डब्लिनमध्ये अजून १. तीन शनिवार असेच जातात आणि ४ एप्रिलला डब्लिनमध्ये २ होतात. दुबई-दोह्यात काहीच बदलत नाही. सिडनी उलट्या दिशेने जातं : ५ एप्रिलला तिथलं घड्याळ मागे येतं आणि १ चा वर्ग त्याच दिवसापासून १२ ला होतो. निरोप आदल्या आठवड्यात जायला हवा.

कराड
कॅलेंडरची नोंद कोण करतं यावरही खूप अवलंबून आहे. न्यू जर्सीच्या पालकाने आपल्या वेळेत 'दर शनिवारी ८' अशी नोंद केली, तर १४ मार्चपासून शिक्षिकेच्या मोबाइलवर वर्ग ६:३० ऐवजी ५:३० ला दिसायला लागतो. तिच्या नोंदीत तास सरकलेला दिसला, की समजा नोंद परदेशातल्या घड्याळावर झाली आहे. नोंद साताऱ्यात बसूनच करा आणि वेळक्षेत्र `Asia/Kolkata` निवडा. मग प्रत्येकाला आपापली वेळ बरोबर दिसते.

दोहा
आमच्याकडे रविवारी शाळा असते, सुट्टी शुक्रवार-शनिवार. आम्हाला दुसऱ्या गटात टाकू नका. आणि वय ६ ते ११ एकत्र घेणार का? मग मोठी मुलं कंटाळतील.

शिक्षिका, सांगली
दोह्याच्या ताई, शनिवारच्या गटातच राहा. वयाचं मात्र मी वेगळं सांगेन. गट वयाने पाडलात तर दुसऱ्या महिन्यात मोडेल.
दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. दुबईतली ६ वर्षांची मुलगी घरात आजीशी मराठीतच बोलते, पण तिला अक्षर येत नाही. न्यू जर्सीतल्या ९ वर्षांच्या मुलाला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देतो. वयाने तो मोठा, पण बोलण्यात ती पुढे आहे. त्याला मोठ्यांच्या गटात वाचायला बसवलंत तर तो अक्षरं पाठ करेल आणि बोलणार नाही.
म्हणून प्रवेशाआधी प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बोला. आधी म्हणा, "वही टेबलाखाली ठेव." ठेवली तर कळतं आहे. मग विचारा, "कुठे ठेवलीस?" इथे खरा फरक दिसतो. शेवटी 'घर', 'आई', 'पुस्तक' हे तीन शब्द दाखवा. आईला मात्र खोलीच्या बाहेर थांबायला सांगा. मूल उत्तराआधी पडद्याच्या बाजूला बघत असेल, तर ते उत्तर त्याचं नाही.
यातून तीन याद्या होतात : कळतं पण बोलत नाही, बोलतं पण वाचत नाही, थोडं वाचतं. पहिल्या यादीतल्या मुलाला "मराठीत सांग" म्हणू नका, ते गप्प बसतं. प्रश्नातच शब्द द्या : "टेबलाखाली ठेवलीस की टेबलावर?" मग त्याला निवडून बोलता येतं. आणि सगळ्यांना एकदम म्हणायला लावू नका. ऑनलाइनवर आवाज मागे-पुढे येतात, एकाचाच ऐकू येतो आणि कोण चुकलं ते कळत नाही. इतरांचे माइक बंद ठेवून एकेकाला बोलवा.

दोहा
आमचा मुलगा "मी जाते", "मी खाते" म्हणतो. हे वर्गात सुधारेल का?

शिक्षिका, सांगली
परदेशातल्या मुलांत हे नेहमी दिसतं. घरात मराठी बहुतेक आईकडूनच कानावर पडते, म्हणून मुलगा आईची रूपं उचलतो. नियम सांगून फार उपयोग नाही, पुरुषाचा आवाज ऐकायला हवा. तासगावच्या काकांसारखे आजोबा पाच मिनिटं वर्गात येऊन "मी सकाळी उठतो, मी मळ्यात जातो" असं रोजचं सांगतील आणि मग मुलांना "तू काय करतोस?" विचारतील, तर त्याचा फरक पडतो. घरी बाबांनीही मराठीत बोलायला हवं.

तासगाव
मी येईन. शनिवारी संध्याकाळी मोकळाच असतो. फक्त लिंक कशी उघडायची ते कुणीतरी एकदा दाखवा.

न्यू जर्सी
मार्चनंतर ९ ची वेळ आमच्या मुलांच्या फुटबॉलच्या आड येते. अमेरिकेच्या मुलांसाठी उन्हाळ्यात वर्ग भारताच्या ५:३० ला घेता येईल का?

कृष्णाकाठ
मिश्र गटात नको. १४ मार्चपासून ५:३० केलंत तर डब्लिनमध्ये तीन आठवडे १२ ला वर्ग येईल, मग पुन्हा १ ला. दोह्यात १ नोव्हेंबरपर्यंत ३ ला. फक्त अमेरिकेचीच ५-६ मुलं असतील तर वेगळा गट करून वेळ हलवता येईल.

पालक गट, सातारा-सांगली
आत्ता पूर्व किनाऱ्याची ४ मुलं आहेत आणि त्यातली दोघं 'कळतं पण बोलत नाही'च्या यादीत, दोघं वाचणारी. वेळेने एकत्र येतात, पण शिकण्याने नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा मोजू. तोवर शनिवार ६:३० कायम.