मोनो चेक म्हणजे खूळ? मग माझा बेस कुठं गेला सांगा

मूळ पोस्ट अशी होती: "मोनोत ऐकून बघणं हे रेडिओच्या जमान्यातलं खूळ आहे. आता फोनला पण दोन स्पीकर असतात. मिक्स बिनधास्त रुंद ठेवा."

होटगीरोडवाला: दोन स्पीकर म्हणे. एक खालचा आणि दुसरा कानाला लावायचा बारका, आणि ते पण महागड्या फोनला. गड्ड्याच्या यात्रेसाठी एक भक्तिगीत केलं होतं, हेडफोनवर बेस असा पसरलेला की विचारू नका. पार्टीनं रिक्षात बसून एका स्पीकरच्या फोनवर वाजवलं आणि तिथूनच फोन, "ओ, बेसवाला सुट्टीवर होता का?" मी काय केलं होतं, तर बेसची कॉपी करून एक डावीकडं, दुसरी उजवीकडं १० मिलिसेकंद उशिरा. मोनोत दोन्ही एकावर एक आल्या की ५० हर्ट्झ कापला जातो, मग १५०, २५०, ३५० असं दर १०० ला. गाण्याचा मुक्काम खालच्या जी वर, म्हणजे ४९ हर्ट्झ, नेमका खड्ड्यात. त्याच्यावरचा जी ९८ चा, तो मात्र ठणठणीत. एक नोट गायब, पुढची अंगावर.

बेंजोमास्तर: काय बे, फोनचा स्पीकर ४९ हर्ट्झ वाजवतो तरी का? दोनशेच्या खाली तसंही काही येत नाही त्यातनं. स्टिरिओ असो नाहीतर मोनो, गेलेलाच की तो.

होटगीरोडवाला: अर्धं बरोबर. फोनवर ४९ कुणालाच ऐकू येत नाही, त्याच्या वरच्या पटीतल्या सुरांवरून कान बेस ओळखतो. माझ्या केसमधे १४७, २४५, ३४३ हे पण खड्ड्यांच्या काठावर, ते पडले, उरले ९८, १९६, २९४. म्हणून बेस नुसता बारीक नाही झाला, एक सप्तक वर चढल्यासारखा वाजला. फोनचा दोष का मिक्सचा, हे कळायला आधी हेडफोनवरच मोनो करून ऐकायचं. तिथं पण बेस गेला तर चूक आपली.

नवीपेठ_स्टुडिओ: एवढं रामायण कशाला, कोरिलेशन मीटर बघायचा. शून्याच्या वर काटा असला की विषय संपला.

होटगीरोडवाला: माझा काटा ०.६ वर होता मालक! मधोमध मुख्य आवाज आणि ढोलकी एवढी जोरात की काटा त्यांच्याकडंच बघत बसला. फक्त बेस सोलो करून बघितल्यावर खाली आला.

काकडआरती: माझ्या पण फोनवर भजनाचा आवाज फाटतो हो, दुकानदार म्हणाला जाळीत कचरा बसलाय. तेच का हे?

बेंजोमास्तर: काकू ते वेगळं, टूथब्रशनं पुसा. मला विचाराल तर खरा रोग पार्टीचा. दोन हजारात गाणं पाहिजे, ऐकणार व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि वरनं "मिरवणुकीत दणका कमी पडला". मिरवणुकीतली भिंत तरी स्टिरिओ असते का बे? डावी-उजवी एकच लाइन.

नवीपेठ_स्टुडिओ: कुणी सांगितलं? आम्ही दोन्ही बाजू वेगळ्या देतो.

बेंजोमास्तर: देता आणि पब्लिक एका बाजूला चेंगरून उभं. उजवीकडच्याला डावीकडचं काय ऐकू येणार, भोपळा? मागच्या वर्षी कोरसच्या पोरी निम्म्या रस्त्याला ऐकूच आल्या नाहीत, आणि शिव्या आम्हाला.

नवीपेठ_स्टुडिओ: शिव्या तुम्हाला कीबोर्डमुळं पडल्या असतील.

होटगीरोडवाला: भांडा, पण कोरसचं निघालंच तर ऐका. एकच टेक कॉपी करून एक बाजू उलटी केली की हेडफोनवर कसं भव्य वाटतं, मोनोत सगळा कोरस शून्य. तपासायची युक्ती: मोनो चालू असताना एका चॅनलची पोलॅरिटी उलटवा. मुख्य आवाज गायब होऊन जे एकदम वर येतं, तेच फोनवर मरणार आहे. उपाय म्हणजे पोरींकडून दोनदा गाऊन घ्या, दोन टेक कधीच हुबेहूब नसतात, त्यामुळं पूर्ण कटत नाहीत. आणि १२० च्या खालचा बेस मधोमधच ठेवा, रुंदी काय द्यायची ती वरच्या भागाला.

नवीपेठ_स्टुडिओ: दोनदा गायल्याचे पैसे तुम्ही देणार? आणि तसे दोन टेक कडेला ठेवले तरी मोनोत मुख्य आवाजापेक्षा तीनेक डीबी मागं जातातच.

होटगीरोडवाला: जातात. म्हणून मी कोरस मोनोत ऐकून एक-दीड डीबी वर घेतो, स्टिरिओत थोडा पुढं वाटला तरी चालतंय.

नवीपेठ_स्टुडिओ: मला नाही चालत. बाकी बेस सोलो करून बघितला आत्ता, दोन जुन्या गाण्यांत काटा उणे मधे आहे. झालं समाधान?

बेंजोमास्तर: कुठली गाणी बे? मी वाजवलेली तर नव्हेत ना?