रोज किती नवे शब्द?

> 'अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये जर्मन शब्दांची कार्डं करतेय. रोज ३० नवे शब्द घेतले तर झेपतील का?'

पहिला आठवडा झेपतील, गंमत तिसऱ्या आठवड्यात कळेल. आज घेतलेलं कार्ड उद्या येतं, मग तीन-चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी. त्यामुळे रोजची उजळणी हळूहळू नव्या कार्डांच्या साताठ ते दहापट होते. ३० म्हणजे २००-३०० कार्डं. एकाला आठ सेकंद धरले तरी अर्धा-पाऊण तास नुसती उजळणीच.

शिवाय एक मेख आहे. `New cards/day` हा आकडा शब्दांचा नाही, कार्डांचा. `Basic (and reversed card)` निवडलंत तर एका शब्दाची दोन कार्डं होतात. मी तिथंच फसलो होतो. आता १० ठेवतो, म्हणजे रोज साधारण पाचच शब्द.

कार्डावर नुसता शब्द नको. 'किल्ली' आपल्याकडे ती, जर्मनमध्ये तो: डेर श्ल्युसल. म्हणून एका बाजूला किल्लीचं चित्र, दुसऱ्या बाजूला आर्टिकलसकट शब्द, अनेकवचन (डी श्ल्युसल, शब्द तोच राहतो) आणि धड्यातलंच एखादं छोटं वाक्य. आर्टिकल चुकलं तर सरळ `Again` दाबायचं. 'शब्द तर आला' म्हणून `Good` दाबलंत की ती चूक पुढे ढकलली जाते, कधी कधी महिनाभरसुद्धा.

चार दिवस सुट्टीवर गेलात आणि ढीग साचला, तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि ढीग उपसून झाल्यावरच परत सुरू करा.