वर्गमित्राचा फोटो बदलू नका : शाळेचं परिपत्रक पटतं का?

पालक, चाळीसगाव
मुलगी आठवीत आहे. शाळेचं परिपत्रक आलंय : ‘वर्गमित्रांच्या फोटोत केस, कपडे, त्वचा बदलू नये. त्यांची संमती नसते, चेष्टा होते, आणि पसरलेला फोटो परत घेता येत नाही. पहिल्या वेळी पालकांना बोलावू, दुसऱ्या वेळी निलंबन.’ केस बदलले म्हणून निलंबन?

धुळेकर
पोरंसनी गंमत शे ती! आम्ही पुस्तकातल्या चित्रांना पेनानं मिशा काढायचो. कुणाला घरी बसवलं नाही.

शिक्षिका, शहादा
पुस्तकातल्या माणसाला तुमची मिशी दिसली नाही, दादा. माझ्या वर्गातल्या पावरा मुलीला दिसलं. स्नेहसंमेलनाच्या फोटोत कुणीतरी तिला गोरं केलं आणि खाली लिहिलं, ‘आता शोभतेस’. करणाऱ्याला वाटलं आपण कौतुकच केलं. नंतर वर्गाच्या फोटोला ती उभीच राहिली नाही. निलंबन मलाही नको. त्यानं फोटो काढून टाकावा आणि माफी मागावी. पण ग्रुपवर मागायची की एकट्यात, ते तिला विचारूनच. तिला पुन्हा चर्चा नको असू शकते.

स्टुडिओवाला, शिरपूर
लग्नाच्या अल्बमात गिऱ्हाईकच गोरं करून मागतं. मग आम्हीही दोषी?

शिक्षिका, शहादा
तुमच्याकडे ज्याचा फोटो, तोच मागतो.

वकील, जळगाव
मला या परिपत्रकातला ‘कपडे’ हा शब्द खटकतो. त्यात शर्टाचा रंगही आला आणि कपडे उतरवलेला बनावट फोटोही. असा लैंगिक स्वरूपाचा फोटो ‘पहिली वेळ, दुसरी वेळ’ मोजत बसण्याचा विषय नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, बालकाचं फेरफार केलेलं अश्लील चित्रही येतं. कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. करणारा 18 च्या आतला असेल तर तो बाल न्याय मंडळापुढे जातो.

शाळेत हमखास होणारी चूक म्हणजे सर म्हणतात, ‘पुरावा म्हणून मला पाठव.’ मग तो फोटो शिक्षकांच्या फोनवर फिरतो. फोटो कुणालाच पुढे पाठवू नका आणि घाबरून पुसूही नका. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ कागदावर लिहा आणि फोन पालकांच्या ताब्यात ठेवा. काय करावं सुचत नसेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

धुळेकर
पोलिसात गेलं की पोरीचंच नाव गावभर होतं, वकीलसाहेब. ते कोण निस्तरणार?

वकील, जळगाव
मुलीची ओळख पटेल असं काहीही छापायला कलम 23 ची बंदी आहे. ओट्यावरची कुजबुज त्यानं थांबत नाही, हे तुमचं खरं.

पालक, चाळीसगाव
कपड्यांचा मुद्दा वेगळा लिहा, असं मुख्याध्यापकांना पत्र देते. केसांसाठी निलंबन मला अजूनही जास्तच वाटतं.

शिक्षिका, शहादा
पत्र देण्याआधी लेकीला विचारा, ताई. तिच्या वर्गात कुणाचे केस बदलले जातात, ते तिला माहीत असेल.