चार्टमध्ये नव्या ओळी का येत नाहीत?

> "एक्सेलमध्ये खाली नव्या नोंदी टाकतो, पण चार्ट जुन्याच ओळींवर अडकतो. दर वेळी रेंज बदलायची का?"

नाही. नोंदींचं टेबल केलं की चार्ट आपोआप वाढतो, हा नेहमी सुचवला जाणारा उपाय बरोबरच आहे, पण त्यात एक खाच आहे. चार्टमधल्या रेषेवर क्लिक करून फॉर्म्युला बार पाहा:

```
=SERIES(Sheet1!$B$1,Sheet1!$A$2:$A$13,Sheet1!$B$2:$B$13,1)
```

हा पत्ता 13व्या ओळीलाच थांबतो. समजा नोंदी 16व्या ओळीपर्यंत गेल्या आहेत. आता Ctrl+T दाबून A1:B16 चं टेबल केलंत, तरी चार्ट 13वरच राहील. कारण टेबलचा पूर्ण कॉलम चार्टमध्ये असेल तरच तो टेबलबरोबर वाढतो. बहुतेकांचं इथेच अडतं आणि दोष उगाच टेबलला जातो. म्हणून एकदाच दोन्ही 13 चे 16 करून एंटर दाबा.

मग 17व्या ओळीत नोंद टाकून पाहा. फॉर्म्युल्यात 17 दिसलं की काम झालं. नाही दिसलं, तर टेबलच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली छोटी खूण बघा. ती 16वरच असेल, तर टेबलच वाढलेलं नाही. मध्ये रिकामी ओळ सोडून लिहिलं की हमखास असं होतं. ती खूण माउसने खाली ओढा, चार्टही सोबत येईल.